वाढ मान्य आहे

कृष्णकांत सोनटक्क्यांचा ईमेल आला तेव्हा अनंत वैरागडे इतवारीत दुकानाच्या पोटमाळ्यावर बसून बिलं करत होता. दुकान भांड्यांचं, घाऊक. खाली हमाल पातेल्यांच्या चळती हातगाडीवर रचत होते आणि त्या आवाजात फोनची टिंग त्याला ऐकूसुद्धा आली नाही. जेवायला डबा उघडला तेव्हा त्याने मेल पाहिला.

मेल लहानसा होता. येत्या एक तारखेपासून तिन्ही फ्लॅटचं भाडं चौथाईने वाढेल, त्या हिशेबाने डिपॉझिटही वाढवून द्यावं, कळावे. सोनटक्के आधी धरमपेठेत राहायचे. रिटायर झाल्यावर ते मुलाकडे हैदराबादला गेले आणि तेव्हापासून शहराच्या टोकाला बेश्यातल्या त्यांच्या इमारतीचा सगळा कारभार फोनवर आणि मेलवर चालायचा. इमारत कसली, खाली पार्किंग आणि वर तीन मजल्यांवर एकेक बिऱ्हाड. पहिल्या मजल्यावर अनंत आणि गोपिका. दुसऱ्यावर अरुंधतीबाई पिंपळापुरे. विमा कंपनीत आयुष्य काढून निवृत्त झालेल्या, एकट्या. तिसऱ्यावर रुपराव काळमेघ आणि त्यांची बायको जिजाबाई. रुपराव एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, मूळचे पारशिवनीकडचे.

मेल तिघांनाही एकदमच आला होता. संध्याकाळी अनंत घरी पोचला तर सगळे अरुंधतीबाईंच्या दिवाणखान्यात जमलेले. त्यांनी करारनाम्याची प्रत टेबलावर काढून ठेवली होती.

"बसा अनंत," त्या म्हणाल्या. "आधी हे बघा. आपले तिघांचेही करार अकरा महिन्यांचे आहेत, रजिस्टर केलेले आहेत. मुदत संपायला अजून अवकाश आहे. आणि नूतनीकरणाच्या वेळी पाच टक्के वाढ, असं स्पष्ट लिहिलंय. मधेच अशी वाढ मागायची सोय यात कुठेच नाही."

"मंग नाही म्हणून टाकू," रुपराव म्हणाले. "सिधी गोष्ट हाय."

"नाही म्हणायचं नाही. भांडायचंही नाही. घर त्यांचं आहे, करार संपल्यावर ते नको म्हणू शकतात. आपण फक्त विचारायचं. कोणत्या कलमाखाली, कोणत्या तारखेपासून, भाडं किती आणि मेंटेनन्स किती, ते वेगवेगळं लिहून द्या. आणि विचार करायला दोन महिने द्या. ज्याला लिहून द्यावं लागतं तो माणूस आकडा जरा जपून टाकतो. तीस वर्षं मी हेच पाहिलं."

जिजाबाई दाराशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अन् छत गळते ते बी लिवा न बाई. आमच्या संडासाच्या भितीले हात लावला तं हात वला होते."

"लिहू. एक मात्र पाळायचं," अरुंधतीबाई म्हणाल्या. "सोनटक्के एकेकाला फोन करतील. फोनवर गोड बोलतात ते. कुणी एकट्याने काही कबूल करायचं नाही. जे काय असेल ते लेखी कळवा, एवढंच म्हणायचं."

सगळ्यांनी मान डोलावली. गोपिकाने तर "बरोबर आहे" असं मोठ्याने म्हटलं. अरुंधतीबाईंनी मजकूर सांगितला, अनंतने फोनवर टाइप केला.

'आदरणीय सोनटक्के साहेब, आपला भाडेवाढीबाबतचा ईमेल मिळाला. सध्याच्या करारांची मुदत अजून बाकी आहे. तरी नवीन भाडे, देखभाल खर्च व डिपॉझिट यांची प्रत्येक फ्लॅटनिहाय रक्कम, ती लागू होण्याची तारीख आणि करारातील संबंधित कलम कृपया लेखी कळवावे. गच्चीच्या गळतीच्या दुरुस्तीबाबतही कळवावे. हे तपशील मिळाल्यावर विचार करून उत्तर देण्यास आम्हांस दोन महिन्यांचा अवधी द्यावा, ही विनंती. तोपर्यंत ठरलेले भाडे आम्ही नेहमीप्रमाणे वेळेवर भरत राहू. आपले नम्र.' खाली तिघांची नावं.

"उद्या दुकानातून नीट वाचून धाडतो," अनंत म्हणाला. "तिथं कॉम्प्युटरवर चुका दिसतात."

घरी येताना जिन्यात रुपरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू हायेस म्हणून बरं हाय गा. आमाले हे मेलबिल काय समजते? भाच्यानं आयडी बनवून देल्ली, तं आलेला वाचतो कसाबसा."

दुसऱ्या दिवशी दुपारी अनंतने कॉम्प्युटरवर मजकूर उघडला आणि तेवढ्यात सोनटक्क्यांचा फोन आला. फोन घ्यायचा की नाही याचा त्याने विचार केला. पण न घेणं त्याला जमलं नाही. मोठ्या माणसाचा फोन तो कधी टाळत नसे.

"अनंतराव, काय म्हणता? गोपिकाताई बऱ्या आहेत ना?"

"हो साहेब."

"आणि मुलं किती असतात हल्ली पाळणाघरात? वाढली असतील."

गोपिकाचं पाळणाघर सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. बेश्यात नव्या नव्या सोसायट्या झाल्या, नवरा-बायको दोघंही नोकरीवर जाणारे, त्यांची पोरं सकाळी हिच्याकडे यायची आणि संध्याकाळी घरी जायची. करारात मात्र जागा फक्त राहण्यासाठी असं लिहिलेलं होतं. सोनटक्क्यांना हे माहीत होतं; आजवर ते त्यावर बोलले नव्हते.

"मी काही म्हणत नाही," सोनटक्के म्हणाले. "कष्ट करते बाई, करू दे. पण उद्या वरच्यांपैकी कुणी तक्रार केली, तर मला करार दाखवावा लागेल. तुम्ही समजूतदार आहात. पिंपळापुरे बाईंना कायदा फार आवडतो, मला ठाऊक आहे. तुम्ही त्यात पडू नका. एक ओळ मेल करून टाका, वाढ मान्य आहे म्हणून. तुमची वाढ आपण नंतर बसून जरा कमी करू. आणि पाळणाघराकडे मी पाहिलंच नाही असं समजा."

"साहेब, आम्ही ते... लेखी..."

"अहो, तेच तर म्हणतोय, लेखीच द्या." ते हसले. "आत्ता करता का? मी फोन चालू ठेवतो."

पुढे कितीतरी दिवस अनंतला आठवत राहिलं ते हेच, की ते फोन चालू ठेवून थांबले होते. पलीकडे कुणाच्या तरी घरात टीव्ही चालू होता, एक लहान पोर काहीतरी मागत होतं. त्याने टाइप केलं : 'साहेब, भाडेवाढ मान्य आहे. अनंत वैरागडे.' पाठवलं.

"आला बरं का," सोनटक्के म्हणाले. "शाबास. हे आपल्यातच."

फोन बंद झाला. समोर कॉम्प्युटरवर तिघांच्या नावाचा मजकूर तसाच उघडा होता. तो न पाठवावा तर संध्याकाळी अरुंधतीबाई विचारणार. आपलं नाव काढून पाठवावा तर प्रती दोघांनाही जाणार, त्यांना कळणार. त्याने डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. मग तिघांच्या नावासकट, जसाच्या तसा, तो मेल पाठवून दिला. दोन्ही मेल एकाच दुपारी, एकाच माणसाने.

घरी आल्यावर गोपिकाने विचारलं, "धाडला?"

"धाडला," तो म्हणाला. हे खोटं नव्हतं. तो हातपाय धुवायला गेला.

सोनटक्क्यांचं उत्तर दुसऱ्या संध्याकाळी सगळ्यांना आलं. 'आपल्यापैकी एका भाडेकरूने वाढ लेखी मान्य केली आहे. मग इतरांना तपशील आणि मुदत कशाला हवी? एक तारखेपासून नवीन भाडे भरावे.' नाव घातलं नव्हतं. ते का घातलं नाही हे अनंतला लगेच समजलं. इमारतीत आपला एक माणूस असावा असं त्यांना वाटत होतं, आणि तो माणूस आता अनंत होता.

सगळे पुन्हा जमले, या वेळी खाली पार्किंगमध्ये. अरुंधतीबाई उभ्याच राहिल्या. त्यांनी मेल मोठ्याने वाचून दाखवला आणि चष्मा काढून रुपरावांकडे पाहिलं.

"रुपराव, तुमचं सोनटक्क्यांशी बोलणं झालं होतं का?"

"झालं होतं. काल सकाळीच फोन केलता त्यायनं. मोटार आवाज करून राहिली, त्याचं." पाण्याच्या मोटारीची किल्ली रुपरावांकडे असायची. टाकी भरणं, लाइटबिल मालकाला कळवणं ही कामं ते करत. त्याचे पैसे घेत नसत.

"फक्त मोटारीचं?"

"अन् काय बोलन मी?"

"महिन्यातून चारदा तुमचं बोलणं होतं त्यांच्याशी," अरुंधतीबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण तो ऑफिसातला आवाज होता. "तुम्हाला ते जवळचे वाटत असतील. तसं असेल तर सांगून टाका. मी रागावणार नाही. फक्त खोटं नको."

"बाई, मले तं मेल धाडताच येत नाही."

"भाच्याकडून धाडता येते न काकाजी," गोपिका एकदम म्हणाली. "आयडी त्यानंच बनवून दिली, तुम्हीच सांगितलं. आमच्यासारख्याचं काय होईन याचा तरी विचार करायचा होता. आम्ही पोरं सांभाळून घर चालवतो."

रुपराव तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी अनंतकडे पाहिलं. काही मागत होते असं नाही. आपल्याकडचा एक माणूस म्हणून पाहिलं, एवढंच. अनंत हातातल्या फोनकडे बघत होता. पडदा विझलेला होता तरी बघत होता. बोलायला हवं होतं ते आत्ता, हे त्याला कळत होतं. एक वाक्य पुरलं असतं. आणि प्रत्येक क्षणाला ते वाक्य जास्त जड होत गेलं, कारण आता नुसती वाढ मान्य केली एवढंच कबूल करायचं नव्हतं, एवढा वेळ गप्प राहिलो हेही कबूल करायचं होतं.

"मी नाही धाडला," रुपराव म्हणाले. "माना, नाहीतं नका मानू." त्यांनी खिशातून मोटारीची किल्ली काढली, अरुंधतीबाईंच्या स्कूटरच्या सीटवर ठेवली आणि जिना चढून गेले. जिजाबाई त्यांच्या मागे गेल्या.

"बघा," गोपिका म्हणाली, "राग कसा आला."

त्यानंतर इमारतीत विचित्र शांतता झाली. रुपराव सकाळी दूध आणायला जात ते मान खाली घालून. पूर्वी जिजाबाई दुपारी गोपिकाकडे येऊन बसत, एखादं रडणारं पोर मांडीवर घेत. त्या येईनाशा झाल्या. पाळणाघरातली एक लहान मुलगी दोन दिवस "आजी कुठे" म्हणून दाराशी जाऊन उभी राहायची. गोपिका म्हणायची, "नाही येत आजी. आजीचं पोट भरलं." अनंतला ते ऐकवत नसे. तो आंघोळीला जायचा, नाहीतर चप्पल घालून उगीच चौकापर्यंत जाऊन यायचा. दुकानात बिलात चुका व्हायला लागल्या. शेटजींनी विचारलं, "तब्येत ठीक है ना, अनंत?" तर त्याला वाटलं, यांनाही कळलं की काय.

सोनटक्क्यांनी एकदा फोन केला. "काय चाललंय तिकडे?" अनंतने "काही नाही साहेब" म्हटलं. "कळवत राहा," ते म्हणाले. आपण काय झालो आहोत हे त्या दोन शब्दांनी त्याला नीट कळलं.

एका सकाळी तो गाडी काढत होता तर जिजाबाई फाटकाशी उभ्या होत्या. त्या त्याचीच वाट पाहत होत्या.

"भाऊ, एक सांगू काय?"

"बोला न काकू."

"तुमी समजदार हा. तुमचं बाई ऐकतात. त्यायले सांगा न, आमचे हे असं करणार नाहीत. म्यां इतके वर्सं पाह्यलं यायले. वर्कशॉपमंदी लोकं एकमेकाची नावं सायबाकडं सांगत, यायनं कधी कोणाचं सांगतलं नाही. म्हणून बढतीत मांगं रायले." त्यांनी पदर डोळ्यांना लावला नाही, नुसता हातात धरला. "आता जेवत नाहीत बराबर. म्हणतात, या घरात पाणी बी गोड लागत नाही. मानेवाड्याकडं एक खोली पाहून आले."

"काकू, असं नका करू. मी... मी सांगतो बाईंले."

"सांगसान न?"

"हो."

"भलं होईन तुमचं," जिजाबाई म्हणाल्या.

तो गाडीवर बसला आणि गल्लीच्या वळणापर्यंत गेला. तिथे एका बंद दुकानाच्या पायरीशी गाडी लावली आणि उतरून बसला. चुलत्याच्या घरी लहानपणी एकदा दुसऱ्या एका मुलावर चोरीचा खोटा आळ आलेला त्याने पाहिला होता, त्या मुलाचा चेहरा त्याला आठवायचा नव्हता तरी आठवला. बायको म्हणून जिजाबाई ग्वाही द्यायला आल्या होत्या, आणि कुणाकडे, तर त्याच्याकडे. त्याने दुकानात फोन करून येत नाही म्हणून सांगितलं आणि गाडी वळवली.

घरात पोरं यायला सुरुवात झाली होती. गोपिका एकाला बूट काढून देत होती. तो म्हणाला, "स्वयंपाकघरात ये."

"काहून? काय झालं?"

त्याने दार लोटलं आणि फोनवरचा पाठवलेला मेल तिच्यापुढे धरला. तोंडाने सांगणं त्याला जमलं नाही. तिने वाचलं. तारीख पाहिली. पुन्हा वाचलं.

"हे तू धाडलं?"

"सोनटक्क्यांचा फोन आला होता. पाळणाघर बंद करतो म्हणाले. म्हणजे तसं म्हणाले नाही, पण..."

"अन् मी त्या माणसाले सगळ्यांसमोर काय काय बोलली." तिने फोन ओट्यावर ठेवला. "तू उभा होतास. तू तिथंच उभा होतास न?"

"तुझ्यासाठीच केलं गोपिका. तुझं काम..."

"माझं नाव नको पुढं करू," ती म्हणाली. "पाळणाघर माझं आहे. भीती तुझी होती. मले विचारलं असतंस तं मी म्हटलं असतं, दुसरी जागा पाहू. तू विचारलंच नाही." बाहेर एक पोर रडायला लागलं. ती दाराकडे गेली आणि थांबली. "आत्ता वर जा. मी शेजारच्या ताईले पोरांजवळ बसवते अन् येते. मलेही माफी मागायची आहे."

अनंतने आधी अरुंधतीबाईंचं दार वाजवलं. तिथे त्याने कसंबसं दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी दाराची कडी धरून ठेवली होती.

"तुम्ही पाठवाल असं मला एकदाही वाटलं नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "का वाटलं नाही, याचा मी आता विचार करतेय. तुम्ही टापटीप बोलता, म्हणून असेल. आणि रुपराव तसे बोलत नाहीत म्हणून." त्यांनी चपला घातल्या. "चला. मलाही वर यायला हवं."

जिन्यात गोपिकाही येऊन मिळाली. रुपरावांच्या घरात दोन खोकी बांधून भिंतीशी ठेवलेली होती. रुपराव खाटेवर बसून पेपर वाचत होते. तिघांना पाहून उठले नाहीत, पण जिजाबाईंना म्हणाले, "खुर्च्या दे."

कुणी बसलं नाही. अनंत म्हणाला, "काकाजी, तो मेल मी धाडला होता. वाढ मान्य आहे असं मीच लिहिलं. मालकांनी गोपिकाच्या पाळणाघराचं भेव दाखवलं अन् मी लिहून दिलं. त्याच दुपारी आपला सगळ्यांचा मेलही मीच धाडला. तुमच्यावर नाव आलं तवा मी गप्प रायलो."

जिजाबाईंच्या हातात खुर्ची होती. ती त्यांनी तिथेच खाली ठेवली. सकाळी आपण कुणाकडे गेलो होतो, हे त्यांच्या चेहऱ्यावर अनंतला दिसलं आणि त्याने नजर फिरवली.

रुपरावांनी पेपराची घडी केली. "मेल धाडला त्याचं काही नाही," ते सावकाश म्हणाले. "भेव लागते मानसाले. मले बी लागलं असतं. पण खाली उभा होतास तवा काहून नाही बोललास गा?"

अनंत भिंतीशी बांधून ठेवलेल्या खोक्यांकडे बघत राहिला.

गोपिका पुढे झाली, "काकाजी, मी जे बोलली..." ती म्हणाली. अरुंधतीबाई म्हणाल्या, "रुपराव, मी तुमच्यावर आळ घेतला. पुरावा नसताना घेतला. चूक माझी आहे."

"झालं ते झालं," रुपराव म्हणाले. ते सगळ्यांना म्हणाले, पण अनंतकडे न पाहता.

अनंतने तिथेच उभ्या उभ्या फोन काढला. "आता मी काय धाडतो ते तुम्ही सगळे वाचा. मंगच धाडतो." त्याने लिहिलं :

'सोनटक्के साहेब, भाडेवाढ मान्य असल्याचा माझा ईमेल मी तपशील न पाहता, फोनवर आपण सांगितल्यावरून घाईत लिहिला होता. ती मान्यता मी मागे घेत आहे. रुपराव काळमेघ व अरुंधती पिंपळापुरे यांनी अशी कोणतीही मान्यता दिलेली नाही. आमच्या संयुक्त ईमेलमध्ये मागितलेले सर्व तपशील मलाही लेखी हवे आहेत आणि तेवढाच अवधी हवा आहे. यापुढे या विषयावर कृपया ईमेलवरच कळवावे.'

अरुंधतीबाईंनी एक शब्द बदलायला सांगितला. रुपराव म्हणाले, "माहं नाव बराबर लिवलं काय, पाह्य." त्यांनी फोन हातात घेऊन आपलं नाव वाचलं आणि परत दिला. अनंतने प्रत सगळ्यांना टाकून मेल पाठवला.

जिना उतरेपर्यंत फोन वाजला. सोनटक्केच होते. अनंतने पायरीवर थांबून तो घेतला, कारण न घेणं त्याला आताही जमलं नाही.

"अनंतराव, हे काय? शब्द फिरवता?"

"हो साहेब, फिरवला."

"पाळणाघराचं काय ते बघा मग."

"ते पण लेखी कळवा साहेब," अनंत म्हणाला. त्याने फोन बंद केला.

उत्तर यायला बरेच दिवस लागले. एक तारीख आली, गेली; तिघांनीही जुनंच भाडं भरलं. मग एक लांब मेल आला, बहुधा मुलाने लिहिलेला. चालू करारांच्या मुदतीत वाढ होणार नाही. मुदत संपल्यावर नवीन करार करायचा असल्यास भाडं इतकं, मेंटेनन्स वेगळा इतका, डिपॉझिट आहे तेवढंच. वाढ करारातल्या पाच टक्क्यांहून जास्त होती, पण पहिल्या मागणीच्या निम्म्याहून कमी. विचाराला दोन महिने. गच्चीचं काम पावसाळ्याआधी करून देऊ. आणि पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटबाबत स्वतंत्र ओळ : जागा फक्त निवासासाठी आहे, नवीन करारात पाळणाघर चालणार नाही.

गोपिकाने ती ओळ वाचली आणि म्हणाली, "एवढंच न?" पुढच्याच आठवड्यात तिने मागच्या गल्लीत एका शिक्षिकेच्या घराची तळमजल्यावरची मोठी खोली ठरवली. बोलणी करताना ती स्वतः करार वाचत बसली आणि 'पाळणाघरासाठी' असा शब्द त्यात घालून घेतला. अनंतला तिने बरोबर नेलं नाही. ती त्याच्याशी नीट बोलायची, जेवायला वाढायची. फक्त पूर्वी जे सहज सांगायची ते आता करून झाल्यावर त्याला कळायचं.

अरुंधतीबाईंनी रुपरावांना राहा म्हणून पुष्कळ सांगितलं. मेलचा कागद छापून आणून त्यांच्या हातात दिला, नवीन भाडं परवडण्यासारखं आहे हे समजावून सांगितलं. रुपरावांनी तो कागद वाचला आणि म्हणाले, "चांगलं झालं बाई. तुमच्या दोघायच्या कामी येईन. मी मानेवाड्याच्या मानसाले जबान देऊन बसलो."

त्यांचा टेम्पो रविवारी सकाळी आला. सामान फार नव्हतं. कपाट मात्र लोखंडी होतं आणि जिना अरुंद. भाचा एका बाजूने लागला, दुसऱ्या बाजूला टेम्पोवाला हात लावायच्या आधीच अनंत पुढे झाला. रुपरावांनी त्याला अडवलं नाही.

"हळू," ते वरून सांगत होते. "भितीले लावू नको. पाय सांभाळ गा."

कपाट चढवून झालं. अनंतच्या तळहातावर पत्र्याची धार उमटली होती. गोपिका जिजाबाईंच्या गळ्यात पडून रडली. जिजाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, "येत जाय वं" म्हणाल्या. पाळणाघरातल्या त्या लहान मुलीसाठी त्यांनी एक मऊ कापडाची बाहुली गोपिकाकडे दिली. मग त्या टेम्पोत पुढे बसायला निघाल्या आणि अनंत त्यांच्या वाटेत आला.

"काकू, तिकडचा पत्ता... मी येऊन जाईन एखाद्या दिवशी."

जिजाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. फाटकाशी त्याची वाट पाहणारी बाईही त्यात नव्हती.

"पत्ता यायले विचारा भाऊ," त्या म्हणाल्या आणि वर चढून बसल्या.

रुपराव मागे दोरी आवळत होते. दोन पावलं गेलं असतं तर विचारता आलं असतं. रुपराव दोरीला गाठ मारून वळले, त्यांनी अरुंधतीबाईंना नमस्कार केला, गोपिकाला "बरं" म्हणाले आणि अनंतला मान हलवून दाखवली, जशी कामाला मदत केलेल्या माणसाला दाखवतात. मग ते बायकोशेजारी जाऊन बसले.

टेम्पो वळणावर दिसेनासा झाला तरी अनंत फाटकाशी उभा होता. अरुंधतीबाई त्याच्या शेजारी आल्या.

"विचारलात पत्ता?"

"नाही," अनंत म्हणाला.

"मीही नाही," त्या म्हणाल्या.